सूचना आधी की श्वास आधी? सकाळच्या योगा व्हिडिओची स्क्रिप्ट सेकंदाच्या हिशोबात



आपल्या बॅचमध्ये किराणा, बुटीक, टिफिनवाले असतात तसेच योगा क्लास चालवणारेही बरेच जण असतात. त्यांच्याकडून एक मागणी सारखी येत होती, की "सर, सकाळच्या सेशनचा व्हिडिओ कसा करायचा, त्याची स्क्रिप्ट कशी लिहायची ते एकदा नीट सांगा." या आठवड्याच्या व्हिडिओत थोडक्यात सांगितलं आहे. इथे पूर्ण हिशोब मांडतो, म्हणजे तुम्हाला वही घेऊन सोबत लिहिता येईल.

एक खरी केस घेऊ. कऱ्हाडकडच्या एक योगशिक्षिका ताई आपल्या बॅचला होत्या. सकाळी ६ ला त्यांचा क्लास भरतो. ज्यांना रोज येणं जमत नाही त्यांच्यासाठी त्यांनी सूर्यनमस्काराचा व्हिडिओ केला आणि महिन्याच्या फीमध्येच देऊन टाकला. ताईंचं शिकवणं उत्तम आहे, मी स्वतः बघितलंय. पण पंधरा दिवसांत तीन-चार जणींनी सांगितलं, "ताई, क्लासमध्ये काही होत नाही, पण तुमच्या व्हिडिओसोबत केलं की धाप लागते." एकीला तर चक्कर आल्यासारखं झालं. आता हा फक्त व्हिडिओ चांगला-वाईट असण्याचा प्रश्न राहिला नाही. समोरच्याच्या शरीराचा प्रश्न झाला, आणि पुढच्या महिन्याच्या फीचाही.

आम्ही तो व्हिडिओ शांतपणे ऐकला. बघितला नाही, फक्त ऐकला. आणि कारण सापडलं.

मराठी वाक्यातच अडचण आहे

ताईंचं एक वाक्य असं होतं: "आता आपल्याला काय करायचं आहे, तर दोन्ही हात कानाजवळून सावकाश वर नेत, छाती उघडत, कमरेतून थोडं मागे जात श्वास घ्यायचा आहे."

वाक्यात चूक काहीच नाही. क्लासमध्ये हे चालतं, कारण ताई समोर उभ्या असतात आणि लोक बघून करतात. पण घड्याळ लावून ऐका. हे वाक्य शांत आवाजात बोलायला साधारण १० सेकंद लागतात. आणि "श्वास घ्यायचा आहे" हे शब्द येतात शेवटी! आपल्या मराठीत क्रियापद शेवटी असतं ना. त्यामुळे ऐकणारा पहिल्या दोन-तीन सेकंदांत हात वर करून मोकळा होतो, आणि श्वास घ्यायचा की सोडायचा हे कळायची वाट बघत श्वास अडवून उभा राहतो. असं १२ स्थितींमध्ये १२ वेळा झालं तर धाप लागणारच.

त्यात आणखी एक गंमत. "श्वास घ्या" आणि "श्वास सोडा" या दोन्हींचा पहिला शब्द एकच आहे. फरक दुसऱ्या शब्दात आहे. आवाज वाक्याच्या शेवटी हळू झाला, किंवा मागे संगीत असलं, की तो शब्दच गिळला जातो.

म्हणून पहिला नियम असा: वाक्याची सुरुवात श्वासाने करायची. "श्वास घेत… हात वर." "श्वास सोडत… पुढे वाका." घेत आणि सोडत हे दोन शब्द स्पष्ट आणि थोडे लांबवून म्हणायचे. "आता आपल्याला काय करायचं आहे तर" हे पूर्ण काढून टाकायचं. क्लासमध्ये ती सवय असते, पण व्हिडिओत त्यातच २-३ सेकंद जातात, म्हणजे जवळपास अर्धा श्वास.

एका श्वासात किती शब्द बसतात?

दुकानात आपण फळीवर किती डबे बसतात ते मोजूनच माल मागवतो. इथे फळी म्हणजे श्वास आणि डबे म्हणजे शब्द.

शांत आवाजात आपण सेकंदाला साधारण २ शब्द बोलतो. सूर्यनमस्कार संथ गतीने करताना एका स्थितीला ५ सेकंद धरू. म्हणजे १० शब्द बसतील? नाही. सगळे ५ सेकंद बोलत राहिलात तर समोरच्याला स्वतःचा श्वास ऐकूच येणार नाही. मी ताईंना दिलेलं माप असं: ५ सेकंदांत २ ते अडीच सेकंद बोलणं, बाकी शांतता. म्हणजे ४, फार तर ५ शब्द.

आणि ते शब्द कधी सुरू करायचे? स्थिती बदलायच्या बरोबर १ सेकंद आधी. "श्वास घेत" हे दोन शब्द आधीच्या स्थितीच्या शेवटच्या सेकंदात येतात, आणि "हात वर" हे शब्द हालचाल सुरू होताना कानावर पडतात. दोन-तीन सेकंद आधी बोललात तर लोक आधीचा श्वास अर्धवट टाकून पुढे पळतात. उशिरा बोललात तर वाट बघत थांबतात. एक सेकंद हे माप तुमच्या आवाजानुसार थोडं पुढेमागे होईल, पण सुरुवात इथून करा.

अर्ध्या आवर्तनाची स्क्रिप्ट

आता प्रत्यक्ष लिहू. सूर्यनमस्काराच्या वेगवेगळ्या पद्धती आहेत. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्याकडे सूर्यनमस्कार शाळांपर्यंत नेला, त्यामुळे अनेकांनी तो शाळेच्या मैदानात आकड्यांवर केलेला असतो. काही ठिकाणी पाचव्या स्थितीत शरीर फळीसारखं सरळ ठेवतात, काही ठिकाणी पर्वतासन करतात. नवव्या स्थितीत कोणता पाय पुढे आणायचा यातही फरक आहे. तुम्ही जी पद्धत शिकलात तीच ठेवा, फक्त एका व्हिडिओत दोन पद्धती मिसळू नका. ताई १२ स्थितींची, पर्वतासनाची पद्धत शिकवतात. त्यात चौथ्या स्थितीत मागे गेलेला पाय नवव्या स्थितीतही मागेच राहतो. उजव्या पायाचं अर्धं आवर्तन असं लिहिलं:

०:०० – हात छातीपाशी. (स्थिती १, प्रणामासन)
०:०४ – श्वास घेत… हात वर. (२, हस्तउत्तानासन)
०:०९ – श्वास सोडत… पुढे वाका. (३, पादहस्तासन)
०:१४ – श्वास घेत… उजवा पाय मागे. (४, अश्वसंचालनासन)
०:१९ – श्वास सोडत… कंबर वर. (५, पर्वतासन)
०:२४ – थांबा… गुडघे, छाती, हनुवटी. (६, अष्टांग नमस्कार)
०:२७ – श्वास घेत… छाती वर. (७, भुजंगासन)
०:३२ – श्वास सोडत… कंबर वर. (८, पर्वतासन)
०:३७ – श्वास घेत… डावा पाय पुढे. (९, अश्वसंचालनासन)
०:४२ – श्वास सोडत… पाय जवळ. (१०, पादहस्तासन)
०:४७ – श्वास घेत… हात वर. (११, हस्तउत्तानासन)
०:५२ – श्वास सोडत… हात छातीपाशी. (१२, प्रणामासन)

शेवटची स्थिती ०:५३ ला सुरू होऊन ०:५८ ला संपते. २ सेकंद काहीच बोलायचं नाही. बरोबर एक मिनिट. पुढचं अर्धं आवर्तन डाव्या पायाने, फक्त दोन ओळींत उजवा-डावा बदलायचा.

बघा, आसनांची नावं बोलण्यात नाहीत, फक्त आपल्या वहीत आहेत. "अश्वसंचालनासन" हा एकच शब्द नीट उच्चारायला जवळपास दीड-दोन सेकंद लागतात. श्वासाच्या फळीवर तो बसत नाही. नाव शिकवायच्या आवर्तनात एकदा सांगा, नंतर "उजवा पाय मागे" पुरेसं आहे.

आता ०:२४ ची ओळ परत वाचा. तिथे "श्वास" हा शब्दच नाही. पर्वतासनात श्वास सोडलेला असतो, आणि अष्टांग नमस्कारात तो तसाच बाहेर थांबतो. म्हणून या स्थितीला मी ५ नाही, ३ च सेकंद दिले. ताईंच्या मूळ व्हिडिओत नेमक्या याच जागी सगळ्यात मोठी सूचना होती: गुडघे कुठे, छाती कुठे, कोपर कसे, कंबर किती वर, असं १४ सेकंदांचं वर्णन. म्हणजे ऐकणारी बाई श्वास बाहेर सोडून १४ सेकंद जमिनीवर तशीच! चक्कर येण्यासारखं वाटलं यात नवल नाही. या स्थितीचं वर्णन करायचंच असेल तर ते आधीच्या पर्वतासनात करा, जिथे लोक श्वास घेऊ-सोडू शकतात. आणि ज्यांना ब्लड प्रेशरचा त्रास आहे त्यांच्यासाठी सुरुवातीलाच एक वाक्य ठेवा: "श्वास कुठेही रोखू नका, चालू ठेवा."

मग शिकवायचं कधी?

ताईंचा प्रश्न बरोबर होता. "सर, चार शब्दांत आसन कसं शिकवू? नवीन माणूस चुकीचं वाकला तर?"

यावर उपाय म्हणजे शिकवणं आणि करवून घेणं वेगळं ठेवणं. पहिलं आवर्तन शिकवायचं असतं. त्यात प्रत्येक स्थितीला १० सेकंद द्यायचे. पहिल्या ५ सेकंदांत त्या स्थितीत जायचं, आणि पुढच्या ५ सेकंदांत तिथेच एक श्वास पूर्ण घेऊन सोडायचा, किंवा सोडून घ्यायचा.

इथे "एक पूर्ण श्वास" हे फार महत्त्वाचं आहे. समजा तिसऱ्या स्थितीत श्वास सोडत खाली वाकलो. तिथे एकदा घेतला, एकदा सोडला. म्हणजे आपण परत सोडलेल्या जागी आलो, आणि चौथ्या स्थितीत "श्वास घेत" जाता येतं. तिथे दीड श्वास झाला तर पुढची सगळी साखळी उलटी पडते: स्क्रिप्ट म्हणते घ्या, आणि माणसाचा श्वास आधीच भरलेला असतो. म्हणून शिकवण्याच्या आवर्तनात नुसतं "इथे थांबा" म्हणू नका. तो एक श्वास मोजून द्या. तिसऱ्या स्थितीची ओळ अशी होईल:

"श्वास सोडत… कमरेतून खाली वाका. गुडघे थोडे वाकले तरी चालेल. श्वास घ्या… सोडा."

एका स्थितीत एकच जादा सूचना. तीही ज्या जागी माणूस नेहमी चुकतो तिथलीच. हस्तउत्तानासनात "मागे फार वाकू नका". अश्वसंचालनासनात "गरज असेल तर गुडघ्याखाली घडी घातलेला टॉवेल". भुजंगासनात "खांदे कानांपासून लांब". बाकीच्या स्थितींमध्ये काहीच जादा नाही. पाच सूचना एकदम दिल्या तर पाचही विसरल्या जातात.

अष्टांग नमस्कार मात्र इथेही ३ सेकंदच. म्हणजे ११ स्थितींचे ११० आणि हे ३, असे ११३ सेकंद. उरलेले ७ सेकंद "आता हेच डाव्या पायाने" सांगायला. अर्धं आवर्तन २ मिनिटांचं.

आता अख्खा व्हिडिओ जुळवू. सुरुवातीला दीड मिनिट: पोट रिकामं आहे ना, गरोदर असाल किंवा पाठीचा मोठा त्रास, हर्निया, नुकतंच ऑपरेशन, ब्लड प्रेशर असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, एवढं सांगून सरळ उभं राहणं आणि तीन-चार साधे श्वास. मग शिकवण्याची दोन अर्धी आवर्तनं, ४ मिनिटं. मग एक-एक मिनिटाची चार अर्धी आवर्तनं, ४ मिनिटं. शेवटी शवासन अडीच मिनिटं. एकूण १२ मिनिटं. कामावर जाणारा माणूस सकाळी एवढा वेळ काढू शकतो.

त्या चार आवर्तनांतही शब्द कमी करत जा. पहिल्या दोनमध्ये वर लिहिलेली पूर्ण ओळ. तिसऱ्यात आणि चौथ्यात फक्त "श्वास घेत…", "श्वास सोडत…" आणि पाय बदलताना "उजवा", "डावा". तोपर्यंत शरीराला रस्ता कळलेला असतो.

डोकं खाली असताना स्क्रीन दिसत नाही

मोबाईल जमिनीवर किंवा स्टुलावर टेकवलेला असतो. पादहस्तासनात आणि पर्वतासनात डोकं खाली, अष्टांग नमस्कारात हनुवटी जमिनीवर. म्हणजे १२ पैकी ५ स्थितींमध्ये प्रेक्षक तुम्हाला बघूच शकत नाही. म्हणून स्क्रिप्टमध्ये "असं", "इकडे", "माझ्याकडे बघा" हे शब्द शोधा आणि काढा. त्याजागी शरीराच्या अवयवाचं नाव आणि दिशा लिहा. "असे हात ठेवा" ऐवजी "तळवे पावलांशेजारी".

दुसरी अडचण उजव्या-डाव्याची. तुम्ही कॅमेऱ्याकडे तोंड करून उभे राहिलात तर तुमचा उजवा पाय प्रेक्षकाला आरशाच्या उलट दिसतो. कानाने ऐकतोय उजवा, डोळ्याला दिसतोय दुसऱ्या बाजूचा. सोपा मार्ग म्हणजे बाजूने शूट करा, म्हणजे पाठीचा बाक आणि पाय मागे जाणं दोन्ही स्पष्ट दिसतं.

आवाज आधी, शूटिंग नंतर

बरेच जण आसन करता करता बोलतात. पण बोलताना आपला श्वास बाहेर जात असतो. "श्वास घेत" म्हणत असताना तुम्ही स्वतः श्वास घेऊच शकत नाही. मग तुमचा श्वास पुढे-मागे होतो, आवाजात धाप येते, आणि भुजंगासनातला आवाज तर दाबल्यासारखा येतो. शांत सूचना हवी असेल तर ती बसून, वेगळी रेकॉर्ड करा. पंखा बंद, खिडकी बंद, खोलीत चादरी-उशा असतील तर उत्तम, आवाज घुमत नाही. समोर मोबाईलचं स्टॉपवॉच आणि हातात सेकंद लिहिलेला कागद.

मग लगेच शूटिंग नाही. आधी चाचणी. ज्यांनी हा व्हिडिओ ऐकलेला नाही अशा तीन जणांना ऑडिओ लावून द्या, मोबाईल त्यांच्या पाठीमागे ठेवा. तुम्ही बाजूला बसा आणि तीन गोष्टी लिहून घ्या. माणूस मान वळवून मोबाईलकडे बघतो, म्हणजे तिथे शब्द अपुरे आहेत. शरीर स्थितीत पोचलं पण माणूस अडकल्यासारखा उभा आहे, म्हणजे सूचना उशिरा येते. मधेच एक जादा श्वास किंवा उसासा टाकतो, म्हणजे त्या जागी वेळ जास्त झाला. प्रत्येक खूण कागदावर त्या सेकंदापुढे करा. ताईंच्या तिन्ही जणी ०:३७ ला अडकल्या. कारण सोपं होतं: पर्वतासनातून पाय एकदम पुढे आणायला ५ सेकंद पुरत नाहीत, विशेषतः पन्नाशीच्या बायकांना. त्यांनी तिथे ८ सेकंद केले आणि ओळ अशी केली: "श्वास घेत… डावा पाय पुढे. हाताने मदत केली तरी चालेल." मिनिटाचे ६३ सेकंद झाले. होऊ देत. घड्याळ माणसासाठी आहे.

स्क्रिप्ट पक्की झाली की ऑडिओ स्पीकरवर लावा आणि त्यावर आसनं करत शूट करा. ताईंना शूटिंग एका टेकमध्ये झालं, कारण बोलायचं काही नव्हतंच.

शवासनात जाहिरात नको

शेवटची एक गोष्ट, जी योगशिक्षक सांगत नाहीत कारण ती आपल्या धंद्याच्या बाजूची आहे. यूट्यूबवर कमाई सुरू असलेल्या ८ मिनिटं किंवा त्याहून मोठ्या व्हिडिओत मधेच जाहिरात येऊ शकते. आपला व्हिडिओ १२ मिनिटांचा आहे. माणूस डोळे मिटून शवासनात आहे आणि कानाशी डिटर्जंटची जाहिरात वाजली, तर मागच्या १० मिनिटांचं काम वाया. अपलोड करताना मधल्या जाहिरातींची सेटिंग बघा आणि बंद करा. फी, बॅचची वेळ, फोन नंबर हे सगळं शवासन पूर्ण झाल्यावर, कुशीवर वळून, उठून बसल्यावर. आणि त्याआधी १० सेकंद शांतता. लोक तेव्हा जास्त नीट ऐकतात.

ताईंचा नवा व्हिडिओ आता ग्रुपवर आहे. ज्या बाईंना चक्कर आल्यासारखं व्हायचं त्यांना ताईंनी आधी डॉक्टरांकडे पाठवलं, बीपी तपासून घेतलं, आणि मगच व्हिडिओ दिला. तेही बरोबरच. स्क्रिप्ट कितीही चांगली असली तरी समोरच्याचं शरीर तिला दिसत नाही.

तुमचं या आठवड्याचं काम एवढंच: तुमच्या जुन्या व्हिडिओतलं एक मिनिट निवडा, डोळे मिटून ऐका, आणि प्रत्येक "घ्या" आणि "सोडा" कितव्या सेकंदाला येतो ते लिहा. त्या कागदावरच तुम्हाला उत्तर दिसेल. पुढच्या भागात याच व्हिडिओचं थंबनेल आणि नाव कसं ठेवायचं ते बघू.